एबिटडा: हप्ता भरण्याआधीचा नफा

व्होडाफोन आयडिया या मोबाइल कंपनीनं 2023-24 या आर्थिक वर्षात सुमारे 42,650 कोटी रुपयांचा महसूल मिळवला. त्या वर्षाच्या निकालात दोन आकडे होते. पहिला आकडा सांगत होता की कंपनीनं सुमारे 17,100 कोटी रुपये कमावले. दुसरा सांगत होता की कंपनीला सुमारे 31,200 कोटी रुपयांचा तोटा झाला. कंपनी एक, वर्ष एक, हिशेबाची वही एक. दोन्ही आकडे नियमानुसार काढलेले आणि दोन्ही बरोबर.

पहिल्या आकड्याचं नाव एबिटडा. अर्थविषयक वाहिन्यांवर तिमाही निकालांच्या दिवसांत हा शब्द दर पाच मिनिटांनी कानावर पडतो. ‘एबिटडा वाढला’, ‘एबिटडा मार्जिन सुधारलं’, ‘शेअर एबिटडाच्या बारा पटीला मिळतोय’. मराठी वर्तमानपत्रं बहुतेक वेळा त्याचं भाषांतर ‘कार्यकारी नफा’ असं करतात आणि पुढे जातात. ज्यांनी आपली बचत शेअरमध्ये किंवा म्युच्युअल फंडात घातली आहे, त्यांनी मात्र इथे थांबावं. नफा हा शब्द ऐकला की आपल्या मनात ‘सगळं देऊन झाल्यावर उरलं ते’ असा अर्थ येतो. एबिटडा हा सगळं देऊन झाल्यावर उरलेला पैसा नाही. काही फार मोठी देणी द्यायची बाकी असतानाच तो मोजलेला असतो, आणि कंपनी जितकी कर्जात, तितकी ही बाकी देणी मोठी असतात.

चार गोष्टी वगळून

एबिटडा हे इंग्रजी आद्याक्षरांचं जोडनाव आहे: अर्निंग्ज बिफोर इंटरेस्ट, टॅक्सेस, डेप्रिसिएशन अँड अमॉर्टायझेशन. म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीची कमाई. पहिले दोन शब्द सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. घसारा म्हणजे यंत्रं, इमारती, गाड्या वापरून झिजतात त्याची दरवर्षी खात्यात धरलेली किंमत. साठ लाखांची गाडी सहा वर्षं चालणार असेल, तर तिचे साठ लाख एकाच वर्षाच्या खर्चात न धरता दरवर्षी दहा लाख धरायचे. अमॉर्टायझेशन हा तोच प्रकार, फक्त हाताला न लागणाऱ्या मालमत्तेसाठी: परवाने, पेटंट, सॉफ्टवेअर, मोबाइल कंपन्यांच्या बाबतीत स्पेक्ट्रम.

ही चारही वगळण्यामागे स्वच्छ कारण आहे. समजा, दोन सिमेंट कंपन्यांची तुलना करायची आहे. एकीनं कारखाना कर्ज काढून उभारला, दुसरीनं भागधारकांच्या पैशातून. एक अशा राज्यात आहे जिथे करसवलत मिळाली, दुसरीला ती मिळालेली नाही. एक आपल्या भट्टीचं आयुष्य वीस वर्षं धरते, दुसरी पंचवीस. निव्वळ नफ्याच्या ओळीपर्यंत येता येता हे सगळे फरक त्या आकड्यात मिसळतात. मग कोणाचा कारखाना अधिक चांगला चालतो, कोणाला एका गोणीमागे जास्त उरतं, हे कळेनासं होतं. विश्लेषक म्हणून वर चढतो आणि भांडवल कुठून आलं, कर किती लागला, झीज कशी मोजली हे बाजूला ठेवून केवळ धंद्याची कमाई पाहतो. त्या प्रश्नाचं एबिटडा चांगलं उत्तर देतो.

कंपनी विकत घेणाऱ्याला तर हा आकडा हवाच असतो. मालक बदलला की जुनं कर्ज फेडलं जातं, नवं येतं, करही बदलतो. आजच्या मालकाच्या डोक्यावर किती व्याज आहे यापेक्षा हा धंदा माझ्या हातात आल्यावर किती कमावेल, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. म्हणून खरेदी-विक्रीचे व्यवहार एबिटडाच्या पटीत बोलले जातात. मात्र तिथे पट लावून आलेल्या किमतीतून कंपनीचं कर्ज वजा करायचं असतं, तेव्हा कुठे शेअरधारकांच्या वाट्याची किंमत मिळते. ही दुसरी पायरी विसरली की सगळा हिशेब चुकतो.

केबलवाल्यांची मोजपट्टी

हा आकडा रूढ करण्याचं श्रेय बहुधा अमेरिकेतल्या जॉन मलोन यांना दिलं जातं. 1973 मध्ये ते टेली-कम्युनिकेशन्स इन्कॉर्पोरेटेड, म्हणजे टीसीआय या केबल टीव्ही कंपनीचे प्रमुख झाले. केबलचा धंदा विचित्र होता. गावभर खांब आणि तारा टाकायला सुरुवातीला प्रचंड पैसा लागायचा आणि तो कर्जातून यायचा. एकदा तार घरात गेली की मात्र दर महिन्याला वर्गणी येत राहायची, आणि एका शहरात सहसा एकच केबल कंपनी असल्यामुळे ग्राहक सहजी सुटायचा नाही. व्याज आणि घसारा वजा केल्यावर वहीत नफा जवळपास दिसतच नसे. त्यामुळे करही फारसा भरावा लागत नसे, आणि वाचलेला पैसा आणखी केबल कंपन्या विकत घेण्यात जाई.

मलोन गुंतवणूकदारांना सांगत राहिले की शेवटची ओळ बघू नका, वरचा पैशाचा ओघ बघा. त्यांच्या बाबतीत हे म्हणणं खरं ठरलं. टीसीआय वाढत गेली आणि 1999 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं ती मोठ्या किमतीला विकत घेतली. दरम्यान 1980 च्या दशकात कर्ज काढून आख्ख्या कंपन्या विकत घेण्याची लाट आली. केकेआर या कंपनीनं आरजेआर नाबिस्कोसाठी दिलेले सुमारे 25 अब्ज डॉलर हा तिचा सर्वांत गाजलेला व्यवहार. अशा सौद्यांत कर्ज देणाऱ्याला एकच गोष्ट आधी जाणून घ्यायची असे: या धंद्यातून व्याज भरण्याजोगे पैसे निघतात का? त्यासाठी एबिटडा हाताशी होता. कर्ज एबिटडाच्या किती पट आहे, एबिटडातून व्याज किती वेळा भरता येतं, ही गुणोत्तरं तेव्हापासून कर्जाच्या करारांत लिहिली जाऊ लागली. आजही लिहिली जातात.

टीसीआयच्या बाबतीत मोजपट्टी चालली ती काही अटींमुळे. टाकलेली तार बराच काळ टिकत होती, गावात प्रतिस्पर्धी नव्हता आणि वर्गणी नियमित येत होती. या अटी जिथे नाहीत, तिथेही पट्टी तीच वापरली जाते. टीकाकारांचं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

दोन गाडीवाले

मुद्दा कागदावर मांडून पाहू. कोल्हापूर-पुणे मार्गावर दोन ट्रॅव्हल्सवाले आहेत अशी कल्पना करा. दोघांच्याही पाच-पाच स्लीपर गाड्या. दोघांचंही वर्षाचं तिकिटाचं उत्पन्न 3 कोटी. डिझेल, ड्रायव्हर-क्लीनरचे पगार, टोल, टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि बुकिंग एजंटांचं कमिशन मिळून दोघांचाही खर्च 2 कोटी 10 लाख. दोघांच्या हातात राहतात 90 लाख. इथपर्यंत दोघांत कणाचाही फरक नाही.

पहिल्यानं गाड्या वर्षाच्या बोलीवर भाड्यानं घेतल्या आहेत. एका गाडीचं भाडं वर्षाला 14 लाख, पाच गाड्यांचे 70 लाख. भाडं हा रोजच्या धंद्याचा खर्च, म्हणून तो एबिटडा काढण्याआधीच वजा होतो. त्याचा एबिटडा 20 लाख. गाड्या त्याच्या नाहीत, म्हणून घसारा नाही. कर्ज नाही, म्हणून व्याज नाही. कर भरण्याआधी त्याच्याकडे 20 लाखच उरतात. त्याचा एबिटडा आणि त्याची खरी कमाई एकच आहे.

दुसऱ्यानं गाड्या विकत घेतल्या आहेत. एक गाडी 60 लाखांची, पाच गाड्या 3 कोटींच्या. 50 लाख स्वतःचे घातले, अडीच कोटींचं कर्ज 12 टक्क्यांनी घेतलं. पहिल्या वर्षाचं व्याज 30 लाख. गाड्या सहा वर्षं चालणार असं धरलं तर घसारा वर्षाला 50 लाख. व्याज आणि घसारा वजा केल्यावर त्याच्याकडे कर भरण्याआधी उरतात 10 लाख. पहिल्याच्या निम्मे. पण त्याचा एबिटडा काढताना व्याज आणि घसारा धरायचेच नसतात. म्हणून तो येतो 90 लाख. पहिल्याच्या साडेचारपट.

म्हणजे ज्याला निम्मं उरतं, तो साडेचारपट मोठा दिसतो. यात कोणी खोटं बोललेलं नाही, एकही नोंद चुकीची नाही. गाडी वापरण्याची किंमत दोघंही मोजतात. पहिल्याच्या वहीत ती भाडं म्हणून रेषेच्या वर बसते. दुसऱ्याच्या वहीत ती व्याज आणि घसारा अशा दोन तुकड्यांत रेषेच्या खाली जाते, आणि एबिटडा रेषेच्या वरचंच पाहतो. कर्ज काढून मालमत्ता घेतली की खर्चाचा मोठा भाग आपोआप या नजरेआड जातो. कर्जबाजारी कंपनीला एबिटडा सुंदर करून दाखवतो, असं टीकाकार म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं.

आता सावकाराच्या खुर्चीत बसू. दुसऱ्याचं कर्ज अडीच कोटी, एबिटडा 90 लाख. कर्ज एबिटडाच्या पावणेतीन पटींच्या आसपास आहे. व्याज एबिटडातून तीन वेळा भरता येतं. कागदावर दोन्ही गुणोत्तरं निर्धास्त वाटतात. पण कर्ज पाच वर्षांत फेडायचं आहे, म्हणजे व्याजाबरोबर मुद्दलाचे वर्षाला 50 लाख आहेत. 90 लाखांतून 30 लाख व्याज आणि 50 लाख मुद्दल गेलं की हातात 10 लाख, तेही कर भरण्याआधी.

आता समजा डिझेल दहा टक्क्यांनी महागलं आणि तिकीट वाढवता आलं नाही. वर्षाचं डिझेल 1 कोटी 20 लाखांचं असेल तर खर्च 12 लाखांनी वाढला. पहिल्याची कमाई 20 वरून 8 लाखांवर येते. फटका मोठा आहे, पण तो जगतो, आणि वर्षअखेर दोन गाड्या परत करू शकतो. दुसऱ्याचा एबिटडा 90 वरून 78 लाखांवर येतो. घट दिसते जेमतेम तेरा टक्क्यांची. हप्ता आणि व्याज मिळून मात्र 80 लाख द्यायचे आहेत, आणि तिथे 2 लाख कमी पडतात. गाडी परत करण्याची सोय त्याला नाही. ती बँकेकडे तारण आहे. ज्याचा आकडा दणकट दिसत होता, त्याचाच हप्ता थकला.

झीज खरी असते

एबिटडाचे समर्थक म्हणतात की घसारा ही केवळ वहीतली नोंद आहे, त्या वर्षी त्यासाठी कोणाला पैसे दिलेले नसतात. हे अर्धं खरं आहे. वॉरन बफे यांनी बर्कशायर हॅथवेच्या भागधारकांना 2000 सालच्या पत्रात यावरच बोट ठेवलं होतं. यंत्रं आणि इमारतींवरचा खर्च भागवायला आकाशातून कोणी येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घसारा उलट जास्त त्रासदायक खर्च आहे, कारण त्याचे पैसे आधी देऊन टाकलेले असतात आणि फायदा नंतर मिळतो, हे ते वारंवार सांगत आले. त्यांचे सहकारी चार्ली मंगर यांनी तर या शब्दासाठी सरळ शिवी वापरली होती.

आपल्या दुसऱ्या गाडीवाल्याकडे पाहिलं की हे पटतं. कर्ज पाच वर्षांत फिटेल. सहाव्या वर्षी त्याला वाटेल की आता 90 लाख माझेच. पण तोवर गाड्या लाखो किलोमीटर धावलेल्या असतील आणि सातव्या वर्षी त्याला पुन्हा 3 कोटी उभे करावे लागतील. दरवर्षीचे 50 लाख घसारा म्हणजे त्या नव्या गाड्यांची आठवण होती. ती आठवण आकड्यातून काढली म्हणून गाड्या झिजायच्या थांबत नाहीत.

हे सगळ्याच धंद्यांना सारखं लागू होत नाही. सॉफ्टवेअर कंपनीत यंत्रसामग्रीचा खर्च थोडा असतो, त्यामुळे तिथे एबिटडा आणि खरी कमाई यांत फार अंतर पडत नाही. विमान, पोलाद, वीज, दूरसंचार, हॉटेल हे धंदे मालमत्तेवर आणि कर्जावर उभे असतात. तिथे हे अंतर इतकं मोठं होऊ शकतं की एक टोक नफा दाखवतं आणि दुसरं तोटा.

17,100 कोटी कुठे गेले?

आता व्होडाफोन आयडियाकडे परत येऊ. 17,100 कोटींच्या एबिटडातून त्या वर्षी सुमारे 22,600 कोटी घसारा आणि अमॉर्टायझेशनचे वजा झाले. मग सुमारे 25,800 कोटी वित्तीय खर्च, म्हणजे मुख्यतः व्याज. एबिटडापेक्षा व्याज एकटंच जास्त. किरकोळ नोंदी आणि कर धरून तळाला 31,200 कोटींचा तोटा आला.

या आकड्यांमागचा धंदा समजून घेतला पाहिजे. मोबाइल कंपनीचा कच्चा माल म्हणजे स्पेक्ट्रम, हवेतून संदेश नेणाऱ्या लहरींचा पट्टा. तो सरकार लिलावात ठरावीक वर्षांसाठी देतं आणि कंपन्या त्याची किंमत सहसा लांबलचक हप्त्यांनी, व्याजासह फेडतात. त्यामुळे सिमेंटवाल्याला चुनखडीचा खर्च एबिटडाआधी मोजावा लागतो, तसा मोबाइल कंपनीला स्पेक्ट्रमचा मोजावा लागत नाही. तो अमॉर्टायझेशन आणि व्याज या दोन ओळींत जातो, आणि त्या दोन्ही एबिटडाच्या खाली आहेत. धंद्याचा सर्वांत महाग कच्चा माल त्या आकड्यात जवळपास दिसतच नाही. 31 मार्च 2024 रोजी या कंपनीची सरकारकडची देणी 2 लाख कोटी रुपयांहून अधिक होती. त्यात सुमारे 1 लाख 33 हजार कोटी स्पेक्ट्रमचे हप्ते होते आणि सुमारे 70 हजार कोटी परवाना शुल्काची जुनी थकबाकी, जिच्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. बँकांचं कर्ज त्या मानानं अगदी थोडं, सुमारे 4,000 कोटी.

आणखी एक बारकावा आहे. भारतात 1 एप्रिल 2019 पासून मोठ्या कंपन्यांना ‘इंड एएस 116’ हे लेखा मानक लागू झालं. त्यानुसार दीर्घ मुदतीचं भाडं आता भाडं म्हणून दाखवायचं नाही. जणू ती जागा कर्जानं घेतली आहे असं समजून त्याचे घसारा आणि व्याज असे दोन भाग करायचे. आपला पहिला गाडीवाला मोठी कंपनी असता आणि त्यानं गाड्या पाच वर्षांच्या करारानं घेतल्या असत्या, तर त्याचेही 70 लाख रेषेच्या खाली गेले असते आणि त्याचा एबिटडा रातोरात 20 वरून 90 लाख झाला असता. खिशात एक रुपया न वाढता. या मानकाचा हेतू चांगला आहे, कारण भाड्याची लपलेली बांधिलकी त्यामुळे ताळेबंदात दिसते. पण एबिटडा मात्र फुगतो.

मोबाइल कंपनीचे हजारो टॉवर भाड्याचे असतात. म्हणून व्होडाफोन आयडिया आपल्या निकालात या मानकाचा परिणाम वगळलेला वेगळा आकडाही देते, त्याला ती ‘कॅश एबिटडा’ म्हणते. 2023-24 मध्ये तो सुमारे 8,400 कोटी होता. 17,100 च्या निम्म्याहून कमी. हा आकडा कंपनीनं स्वतः जाहीर केला, हे तिच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. बातमीच्या मथळ्यात मात्र मोठा आकडाच येतो. त्याच सुमारास कंपनीनं जाळं सुधारण्यासाठी तीन वर्षांत 50 ते 55 हजार कोटी खर्चण्याची योजना मांडली. 8,400 कोटींच्या वार्षिक ओघातून तो खर्च, स्पेक्ट्रमचे हप्ते आणि थकबाकी हे सगळं भागणं शक्यच नव्हतं.

पुढे काय झालं ते सार्वजनिक आहे. एप्रिल 2024 मध्ये कंपनीनं 11 रुपयांना शेअर विकून जनतेकडून 18,000 कोटी उभे केले. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारच्या थकलेल्या व्याजाचे 16,133 कोटी शेअरमध्ये बदलले गेले होतेच. एप्रिल 2025 मध्ये स्पेक्ट्रमच्या देण्यांपैकी आणखी 36,950 कोटी शेअरमध्ये बदलले आणि केंद्र सरकारचा हिस्सा जवळजवळ 49 टक्क्यांवर गेला. या सगळ्या काळात एबिटडा अधिकच होता, वजा कधीच नव्हता. तरीही देणं पैशानं फिटलं नाही, मालकीनं फेडावं लागलं, आणि जुन्या शेअरधारकांचा वाटा तेवढा आकसला.

आकडा वाकवणं

इथपर्यंतची उदाहरणं प्रामाणिक हिशेबाची होती. अप्रामाणिक माणसालाही या आकड्यात वाव असतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीला इतर टेलिफोन कंपन्यांच्या तारा वापरण्याचं शुल्क द्यावं लागे. हा रोजचा खर्च. 2001 पासून कंपनीतल्या वरिष्ठांनी त्यातला मोठा भाग मालमत्ता म्हणून नोंदवायला सुरुवात केली. मालमत्ता झाली की तिचा खर्च घसाऱ्याच्या रूपानं हळूहळू येतो, आणि घसारा तर एबिटडात धरतच नाहीत. म्हणजे निव्वळ नफ्याच्या बाबतीत ही लबाडी खर्च पुढे ढकलत होती, पण एबिटडातून तो कायमचा गायब होत होता. कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी शोधून काढल्या. जून 2002 मध्ये 3.8 अब्ज डॉलरची गफलत जाहीर झाली आणि जुलैमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतली तोवरची ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

कायदा न मोडताही आकडा ताणता येतो. एबिटडाची व्याख्या लेखा मानकांत दिलेली नाही. त्यामुळे त्यात आणखी काय वगळायचं, हे बरंचसं कंपनीच ठरवते. त्याला ‘अ‍ॅडजस्टेड एबिटडा’ म्हणतात. कार्यालयांच्या जागा भाड्यानं देणाऱ्या वीवर्क कंपनीनं 2018 मध्ये कर्जरोखे विकताना 2017 साठी असाच एक आकडा दिला. जाहिरात, नव्या जागांचा विकास आणि व्यवस्थापनाचे खर्च त्यातून वगळले होते. त्या हिशेबानं 23 कोटी 30 लाख डॉलर अधिक दिसत होते, आणि त्याच वर्षी कंपनीला 93 कोटी 30 लाख डॉलरचा तोटा झाला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये तिनंही दिवाळखोरीचा अर्ज केला.

वाचकानं काय पाहावं

यासाठी चार्टर्ड अकाउंटंट असण्याची गरज नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यात नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांच्याबरोबर तिसरं पान असतं रोख प्रवाह पत्रकाचं. तेच उघडा.

त्यात सर्वांत वर ‘कार्यचालनातून मिळालेली रोख’ ही ओळ असते. ती एबिटडाच्या शेजारी ठेवा. एबिटडा दरवर्षी वाढतो आहे आणि ही ओळ मागेच राहते आहे, असं दोन-तीन वर्षं दिसलं, तर विक्री होते आहे पण पैसे वसूल होत नाहीत, माल गोदामात साचतो आहे किंवा खर्च दुसरीकडे नोंदवला जातो आहे, असा अर्थ निघू शकतो. वर्ल्डकॉमसारख्या प्रकाराची खूण मात्र तिथे नाही, त्याच्या खालच्या ओळीत सापडते: मालमत्ता खरेदीवर गेलेले पैसे. धंदा फारसा वाढत नसताना हा आकडा वाढत असेल, तर विचारणा करावी.

मग एक साधी वजाबाकी करा. कार्यचालनातल्या रोखीतून मालमत्ता खरेदीचे पैसे, भरलेलं व्याज, भाडेकराराची मुद्दल आणि कर्जाची परतफेड वजा करा. कर त्या वरच्या ओळीत आधीच वजा झालेला असतो, तो पुन्हा काढू नका. उरलं ते अधिक असेल, तर कंपनी स्वतःच्या पायावर उभी आहे. वजा येत असेल, तर तो खड्डा कोण भरतं आहे ते पुढच्या ओळींत सापडेल: नवं कर्ज किंवा नवे शेअर. एखाद्या वर्षी नवा कारखाना उभा राहत असेल तर वजा येणं स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षं वजाच येत असेल, तर एबिटडा कितीही मोठा असला तरी ती कंपनी उसनवारीवर चालली आहे.

एबिटडा फेकून द्यायचा आकडा नाही. धंदा मुळात कमावतो का, हे तो सांगतो, आणि ज्याचा एबिटडाच वजा आहे त्याच्यापुढे तर व्याज भरण्याचा प्रश्नही नंतरचा आहे. पण कमावलेला पैसा कोणाच्या घरी जातो, हे तो सांगत नाही. घर चालवणाऱ्या कोणत्याही माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. पगार किती हे आपण विचारतो, आणि लगेच विचारतो की हप्ते किती आहेत. कंपनीत पैसे घालतानाही दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.